गप्प राहिलात तर होकार की नकार? ऑटोपेच्या १५,००० रुपयांच्या रेषेचा अर्थ

आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये आज एक-दोन तरी ऑटोपे चालू आहेत. कुणाचा मोबाईलचा रिचार्ज, कुणाचं सिनेमा पाहण्याचं अ‍ॅप, कुणाचा स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन कोर्स, कुणाची विम्याची हप्तेबंदी. एकदा परवानगी दिली की पुढचे पैसे आपोआप कापले जातात. पण रक्कम एका मर्यादेच्या वर गेली की तेच ऑटोपे अचानक अडतं. बँकेचा मेसेज येतो, ओटीपी मागितला जातो, यूपीआय असेल तर पिन टाकावा लागतो. आपण काहीच केलं नाही तर पैसे जात नाहीत.

यावर अनेकांची तक्रार असते. ऑटोपे म्हणायचं आणि वर दर वेळी परवानगी मागायची, मग ते ऑटो कसलं? प्रश्न रास्त आहे. पण या अडथळ्यामागे जो विचार आहे तो समजून घेतला, तर लक्षात येतं की हा अडथळा आपल्या बाजूने उभा आहे. आणि हेही लक्षात येतं की तो आपल्यापैकी अनेकांसाठी फार उशिरा, फार वरच्या रकमेवर उभा राहतो. या लेखात या दोन्ही गोष्टी पाहू.

आधी काय होतं, मग काय बदललं

भारतात कार्डाने ऑनलाइन पैसे देताना कार्डाच्या नंबरासोबत आणखी एक खूण पटवावी लागते. रिझर्व्ह बँकेने २००९ सालापासून ही सक्ती केली. पुढे ती खूण म्हणजे प्रामुख्याने मोबाईलवर येणारा ओटीपी असं रूढ झालं. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत याला पडताळणीचा अतिरिक्त घटक म्हणतात. आपण सोप्या भाषेत ‘दुसरी खूण’ म्हणू.

अडचण होती ती दर महिन्याला देण्याच्या पैशांची. कंपनीला दर महिन्याला २०० रुपये घ्यायचे आहेत, पण ग्राहकाने दर महिन्याला ओटीपी टाकायचा म्हटलं तर ते चालणार नाही. म्हणून २१ ऑगस्ट २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने कार्डांसाठी एक चौकट आणली. तिलाच ई-मँडेट म्हणतात. मँडेट म्हणजे ग्राहकाने बँकेला दिलेला कायमचा हुकूम: अमुक कंपनीने मागितले की माझ्या खात्यातून इतके पैसे दे. जानेवारी २०२० मध्ये ही चौकट यूपीआयलाही लागू झाली.

या चौकटीने रक्कम बघून दोन वाटा केल्या. एका मर्यादेपर्यंतचे पैसे, हुकूम नोंदवताना एकदा दुसरी खूण दिली असेल, तर पुढे न विचारता कापता येतात. मर्यादेच्या वरचा प्रत्येक व्यवहार मात्र त्या त्या वेळी ग्राहकाने नव्याने मंजूर केला पाहिजे. सुरुवातीला ही मर्यादा २,००० रुपये होती. जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००.

नियमांची कडक अंमलबजावणी १ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाली. त्या दिवसानंतर ज्या कंपन्या आणि बँका तयार नव्हत्या, त्यांची जुनी ऑटो-पेमेंट धडाधड नाकारली गेली. त्या वेळच्या गोंधळामुळे अनेकांच्या मनात हा नियम म्हणजे सरकारी कटकट असं बसलं. पण नियमाचा गाभा वेगळा आहे.

गाभा: गप्प राहण्याचा अर्थ कोण ठरवतं

रकमेची रेषा कशासाठी? ती एकच गोष्ट ठरवते: तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा.

रेषेच्या खाली काय होतं ते बघा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवलं पाहिजे, एसएमएसने किंवा ईमेलने, तुम्ही निवडलं असेल तसं. त्या सूचनेत कंपनीचं नाव, रक्कम, कापण्याची तारीख आणि वेळ, व्यवहाराचा किंवा मँडेटचा क्रमांक आणि पैसे कशासाठी कापले जात आहेत, हे सगळं असावं लागतं. तो एकच व्यवहार किंवा अख्खं मँडेट नाकारण्याची सोयही असावी लागते. पण तुम्ही तो मेसेज वाचलाच नाही, तर पैसे जातात. म्हणजे रेषेखाली तुमचं मौन हा होकार आहे.

रेषेच्या वर हेच उलटं होतं. तिथेही सूचना येते. पण तुम्ही ओटीपी किंवा पिन दिला नाही तर बँक तो व्यवहार होऊ देत नाही. मोबाईल बंद होता, तुम्ही गावी होतात, मेसेज इंग्रजीत होता म्हणून कळला नाही, काहीही असो, पैसे खात्यातच राहतात. रेषेच्या वर तुमचं मौन हा नकार आहे.

मोठ्या रकमेला दर वेळी नवी परवानगी का, याचं उत्तर इथे आहे. मँडेट देतो त्या क्षणी माणसाला एक परिस्थिती माहीत असते: त्याचा पगार, त्याची गरज, त्या सेवेचा भाव. वर्षभराने यातलं काहीही बदललेलं असू शकतं. नोकरी गेलेली असते, परीक्षा होऊन गेलेली असते, भाव वाढलेला असतो. छोट्या रकमेत ही चूक सोसता येते आणि दुरुस्तही करता येते. मोठ्या रकमेत मात्र एका रात्रीत घरभाड्याचे पैसे जाऊ शकतात आणि परत मिळवण्याची धावपळ ग्राहकालाच करावी लागते. म्हणून मोठी रक्कम हलवायची असेल तर जुन्या होकारावर विसंबू नका, आजचा होकार घ्या, असं हा नियम बँकेला सांगतो.

चोरीच्या बाबतीतही हाच फायदा होतो. कुणी फसवून तुमच्याकडून मँडेट करून घेतलं, तरी एका झटक्यात मर्यादेपेक्षा जास्त रक्कम तुमच्या ओटीपीशिवाय काढता येत नाही. नुकसान शून्य होत नाही, पण त्याला एक छत मिळतं.

एक उदाहरण, चार रस्ते

आता हे एका उदाहरणातून पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. छत्रपती संभाजीनगरमध्ये एमपीएससीची तयारी करणारी एक विद्यार्थिनी आहे. ती १ जूनला एक ऑनलाइन कोर्स घेते. कोर्सचा भाव महिन्याला १,४९९ रुपये, म्हणजे वर्षाचे १७,९८८. पुढच्या फेब्रुवारीत तिची परीक्षा होते आणि त्यानंतर ती ते अ‍ॅप उघडतही नाही. ऑटोपे बंद करायचं मात्र राहून जातं.

पहिला रस्ता: तिने वर्षाचे १७,९८८ रुपये एकदम भरले आणि दर वर्षी नूतनीकरणाचं मँडेट दिलं. पुढच्या ३१ मेच्या सुमारास सूचना येईल. रक्कम १५,००० च्या वर आहे, म्हणून तिची मंजुरी लागेल. तिने लक्ष दिलं नाही. व्यवहार नाकारला जाईल, कोर्स बंद होईल, पैसे वाचतील. तिने काहीही केलं नाही तरी ती सुरक्षित राहिली.

दुसरा रस्ता: तिने मासिक १,४९९ चं मँडेट दिलं. सेवा तीच, वर्षाची बेरीजही तीच. पण प्रत्येक हप्ता रेषेच्या खूप खाली आहे. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत दर वेळी एक मेसेज येईल आणि दर वेळी पैसे जातील. तीन महिन्यांत ४,४९७ रुपये गेले. तिने थांबवलं नाही तर पुढेही जात राहतील. ही मर्यादा दर व्यवहाराची आहे, बेरजेची नाही. थोडं थोडं वाहून जाणारं पाणी हा बांध अडवत नाही.

तिसरा रस्ता: कंपनीने वर्षाच्या पॅकवर २० टक्के सवलत दिली. वर्षाचे झाले सुमारे १४,३९०. वर्षातून एकदाच पैसे द्यायचे, तेही कमी, म्हणून कुणालाही हा रस्ता सगळ्यात चांगला वाटेल. पण रक्कम १५,००० च्या खाली आली आहे. पुढच्या जूनमध्ये ओटीपी मागितला जाणार नाही. आदल्या दिवशीचा एक मेसेज हुकला की १४,३९० रुपये गेले. कंपनीने हे मुद्दाम केलं असेलच असं नाही. पण रेषेच्या किंचित खाली असलेली वार्षिक रक्कम ग्राहकासाठी सगळ्यात धोक्याची असते, कारण वर्षभरात आपण ती विसरलेलो असतो आणि ती पुरेशी मोठीही असते.

चौथा रस्ता: क्लासच्या प्रतिनिधीने सांगितलं, एकदम पैसे नाहीत तर हप्त्यांवर घ्या, महिन्याला फक्त १,४९९. मोबाईलवर दोन-तीन ठिकाणी सही आणि ओटीपी घेतले. वरून हा दुसऱ्या रस्त्यासारखाच दिसतो. पण प्रत्यक्षात एखाद्या वित्त कंपनीने तिच्या नावावर कर्ज काढून क्लासला पैसे दिले आहेत आणि ती आता कर्ज फेडते आहे. असे हप्ते बहुधा कार्डाच्या किंवा यूपीआयच्या ई-मँडेटवर नसतात. ते नाच (एनएसीएच) नावाच्या वेगळ्या व्यवस्थेतून थेट बँक खात्यातून जातात. तिथे १५,००० ची ही रेषा लागू नाही. हप्ता कितीही मोठा असला तरी दर वेळी ओटीपी मागितला जात नाही.

या चौथ्या रस्त्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण सर्वात जास्त तरुण इथे फसतात. क्लास आवडला नाही म्हणून मँडेट रद्द केलं, तर फक्त वसुलीचा मार्ग बंद होतो, कर्ज संपत नाही. खात्यात पैसे नसल्याने असा हप्ता परत गेला तर दंड लागतो, क्रेडिटची नोंद खराब होते, आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखा गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून इथे वाद असेल तर तो क्लास आणि वित्त कंपनी दोघांशी लेखी घालावा लागतो. केवळ ऑटोपे बंद करणं हे उत्तर नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच ऑनलाइन शिक्षण कंपन्यांबाबत पालक-विद्यार्थ्यांना सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या. फीसाठी ऑटो-डेबिटचा पर्याय टाळा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

रेषा वर का सरकत गेली

२,००० ची मर्यादा तीन वर्षांत १५,००० वर का गेली? कारण मौनाला नकार मानण्याचीही किंमत असते. विम्याचा हप्ता घ्या. वडिलांच्या नावावर वर्षाला २२,००० रुपयांचा आरोग्य विमा आहे. ओटीपी टाकायचा राहिला, हप्ता गेला नाही, सवलतीचे दिवसही संपले आणि पॉलिसी बंद पडली. पुढच्या महिन्यात दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर संरक्षण करायला आणलेला नियम त्या घरावर उलटतो. क्रेडिट कार्डाचं बिल राहिलं तर व्याज आणि दंड लागतो.

म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तीन गोष्टींसाठी मर्यादा १ लाख रुपये केली: म्युच्युअल फंडातील गुंतवणूक, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाच्या बिलाचा भरणा. बाकी सगळ्यांसाठी ती १५,००० च राहिली. या तिन्ही ठिकाणी पैसे घेणारी संस्था कुठल्या ना कुठल्या नियामकाच्या देखरेखीखाली असते आणि पैसे वेळेवर न गेल्यास ग्राहकाचंच नुकसान होतं. त्यामुळे इथे मौन म्हणजे होकार धरणं समजू शकतं.

पण या सवलतीची दुसरी बाजूही आहे. विमा आपल्या भागात कसा विकला जातो हे आपण पाहतो. कर्ज मागायला गेलेल्या माणसाला, मुदत ठेव करायला गेलेल्या आईला, काउंटरवर पॉलिसी गळ्यात मारली जाते. अशी पॉलिसी असेल तर पुढच्या वर्षी ५०,००० चा हप्ताही ओटीपीविना जाऊ शकतो. ज्याने समजून विमा घेतला त्याला ही सोय आहे. ज्याला तो चिकटवला गेला त्याच्या हातातून शेवटचा ब्रेक निघून गेला आहे. घरात कुणाची अशी पॉलिसी असेल तर तिचं मँडेट आहे का, हे आजच पाहून ठेवावं.

पंधरा हजार कुणाचे?

आता या विषयातला माझा मुख्य आक्षेप. १५,००० ही रेषा सगळ्यांना सारखी आहे. महिन्याला दीड लाख कमावणाऱ्या अभियंत्यासाठी १५,००० म्हणजे पगाराचा दहावा भाग. दुकानात काम करून महिन्याला १४,००० घरी आणणाऱ्या मुलासाठी ती संपूर्ण महिन्याच्या कमाईपेक्षा मोठी रक्कम आहे. नियमाच्या दृष्टीने त्याच्या खात्यातला पूर्ण पगार ‘छोटी रक्कम’ आहे. तो एका मेसेजनंतर, त्याला न विचारता जाऊ शकतो.

मौनाला होकार मानणारी व्यवस्था सर्वांना सारखीच वाटते, पण मौनाची कारणं सारखी नसतात. आईच्या खात्याला मुलाचा जुना नंबर जोडलेला असतो आणि तो नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडलेला असतो. मेसेज येतो तोही बहुतेक वेळा इंग्रजीत, लोनच्या आणि लॉटरीच्या वीस मेसेजांच्या गर्दीत. मजुराला दिवसभर फोन बघता येत नाही. ज्याला मेसेज वाचून, दुव्यावर जाऊन, ओटीपी टाकून नकार देता येतो तोच रेषेखाली खऱ्या अर्थाने सुरक्षित आहे. हो, हेही लक्षात घ्या: रेषेखाली नकार द्यायलासुद्धा दुसरी खूण द्यावी लागते. होकाराला काही करावं लागत नाही, नकाराला कष्ट पडतात.

यावर ‘मर्यादा पुन्हा २,००० करा’ हे उत्तर नाही. मग लाखो लोकांची वीजबिलं आणि हप्ते अडतील. उत्तर असं हवं की प्रत्येक ग्राहकाला आपली रेषा स्वतः खाली आणता आली पाहिजे. मला १,००० च्या वर विचारा, असं खातेदाराने एकदा बँकेला सांगितलं की सर्व मँडेटना ते लागू व्हावं. कार्डावर ऑनलाइन किंवा परदेशी व्यवहार चालू-बंद करण्याची आणि त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० साली बँकांना सक्तीची केली. त्याच धर्तीवर हे करता येण्यासारखं आहे. दुसरी मागणी, कापण्याआधीची सूचना ग्राहकाने निवडलेल्या भाषेत यावी. या दोन मागण्या संघटनांनी, विद्यार्थी गटांनी बँकांकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे लेखी मांडल्या पाहिजेत.

तोपर्यंत आपली रेषा आपण आखू

नियम बदलेपर्यंत थोडं आपल्याही हातात आहे. मँडेट देताना स्क्रीनवर फक्त आजची रक्कम पाहू नका. ‘फक्त १ रुपयात ७ दिवस’ असं लिहिलेलं असतं आणि खाली मँडेट असतं ‘१,९९९ रुपयांपर्यंत’. आज १ रुपया जाईल, आठव्या दिवशी १,९९९ पर्यंत कितीही मागता येईल. यूपीआयच्या मंजुरीच्या पडद्यावर तीन गोष्टी असतात: कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि मँडेट कधीपर्यंत चालणार. तिथे `As presented` असं दिसलं तर त्याचा अर्थ कंपनी मागेल तेव्हा. बदलत्या रकमेच्या मँडेटमध्ये कमाल रक्कम ठरवण्याचा हक्क चौकटीने ग्राहकाला दिला आहे. ती जमेल तितकी कमी ठेवा. त्या कमाल रकमेच्या वर कंपनीने मागणी केली तर ती त्या मँडेटवर मंजूर होणार नाही.

अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाकलं म्हणजे ऑटोपे बंद झालं, हा सर्वात मोठा गैरसमज आहे. मँडेट बँकेकडे नोंदलेलं असतं, तुमच्या फोनमध्ये नाही. यूपीआयचं मँडेट ज्या यूपीआय अ‍ॅपमधून दिलं तिथल्या `AutoPay` या भागात दिसतं आणि तिथून रद्द होतं. कार्डाचं मँडेट बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर दिसतं. अनेक बँका त्यासाठी `SiHub` नावाच्या पानावर नेतात. रद्द करणं फुकट आहे, मँडेट वापरण्यासाठीही कार्डधारकाकडून शुल्क घेता येत नाही.

रद्द करायचं ते दोन-तीन दिवस आधी करा. कापण्याची सूचना निघून गेली असेल तर तो एक व्यवहार वाटेत असतो आणि मँडेट रद्द केल्यावरही जाऊ शकतो. अशा वेळी मँडेट रद्द करा आणि त्या सूचनेतून तो व्यवहारही वेगळा नाकारा.

मोठ्या रकमेची मंजुरी मागणारा मेसेज आला तर त्यातल्या दुव्यावर घाईने बोट ठेवू नका. खऱ्या बँकेच्या मेसेजमध्येही दुवा असतो आणि भामट्यांच्या मेसेजमध्येही. म्हणून बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडून तिथे ती मागणी दिसते का ते पाहा. ओटीपीच्या मेसेजमध्ये कंपनीचं नाव आणि रक्कम वाचूनच तो टाका. फोनवर कुणी ‘तुमचं ऑटोपे रद्द करून देतो, ओटीपी सांगा’ म्हणत असेल, तर तो रद्द करत नाही, मंजूर करून घेत असतो. आणि एक मोठा दिलासा: मोठ्या रकमेवर काहीच न करणं हा सुरक्षित पर्याय आहे. शंका वाटली तर थांबा. व्यवहार आपोआप नाकारला जाईल.

पैसे गेलेच तर काय मागायचं

कार्यकर्त्यांकडे अशा तक्रारी घेऊन लोक येतात. तेव्हा ‘पैसे गेले हो’ एवढंच लिहून भागत नाही. बँकेला नेमके प्रश्न विचारा. हे मँडेट कोणत्या तारखेला नोंदवलं? त्या वेळी दुसरी खूण कोणती घेतली? कमाल रक्कम आणि मुदत काय होती? कापण्याआधीची सूचना किती वाजता, कोणत्या नंबरवर पाठवली? रक्कम १५,००० च्या वर असेल तर त्या दिवशीच्या मंजुरीची नोंद कुठे आहे? यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर बँकेकडे नसेल, तर चूक व्यवस्थेची आहे, ग्राहकाची नाही. २०१७ च्या परिपत्रकानुसार अनधिकृत व्यवहारात ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

वेळ मात्र महत्त्वाची. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुणी घात केला, अशा व्यवहारात बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही, असं तेच परिपत्रक सांगतं. चार ते सात दिवस लावले तर काही बोजा ग्राहकावर येतो. म्हणून आधी बँकेला कळवा, तक्रारीचा क्रमांक घ्या, भांडण नंतर. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

पण वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यावर गेलेले पैसे या वाटेने सहसा परत येत नाहीत. तिथे मँडेट खरं होतं, सूचनाही आली होती, नियम पाळला गेला होता. बँक म्हणेल, तुम्ही गप्प राहिलात. आणि नियमाप्रमाणे ती बरोबर असेल. तिथे उरतो तो फक्त कंपनीकडे परतावा मागण्याचा मार्ग.

म्हणून या रविवारी एक काम करा. स्वतःचं यूपीआय अ‍ॅप उघडा, मग आईचं, मग वडिलांचं. चालू असलेली मँडेट एका कागदावर लिहा: कंपनी, कमाल रक्कम, शेवटची तारीख. ज्याचं नाव ओळखू येत नाही आणि जे वापरात नाही, ते तिथेच रद्द करा. १५,००० च्या वर बँक आपल्याला विचारेल. खाली मात्र आपल्यालाच बघावं लागेल.